कीर्तनात मध्येच चूक काढणाऱ्या ज्येष्ठांना समितीने काय आणि कसं लिहावं

प्रश्न : आमच्या विठ्ठल मंदिरात दर एकादशीला कीर्तन असतं. अण्णा आमचे सगळ्यात जुने विश्वस्त, देऊळ उभं राहिलं त्यात त्यांचा मोठा वाटा. वय ऐंशीच्या पुढे. गाथा तोंडपाठ आहे. पण अलीकडे महाराज प्रमाण म्हणत असतानाच ते समोरून मोठ्याने म्हणतात, "तसं नाही ते, चुकलं." गेल्या एकादशीला महाराज खरंच थांबले. आता ते पुन्हा यायला तयार नाहीत. समितीने पत्र द्यायचं ठरवलंय आणि लिहायचं काम माझ्यावर आलंय. अण्णा दुखावले जाऊ नयेत, आणि हे थांबायलाही हवं. कसं लिहू?

उत्तर :

लिहायला बसण्याआधी एक काम करा. मागच्या दोन-तीन कीर्तनांचं रेकॉर्डिंग कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असेलच. ते मिळवा आणि अण्णा जिथे जिथे बोलले तो भाग ऐका. महाराज खरंच चुकले होते का, ते पाहा. यावर पत्राचा सगळा सूर ठरतो, आणि बहुतेक समित्या नेमकं हेच करत नाहीत.

यातून तीन गोष्टी निघू शकतात. पहिली, महाराज खरंच चुकले असतील. दुसरी, पाठभेद असेल. "सुंदर ते ध्यान" घ्या. पितांबराच्या ओळीनंतर कोणी "आवडे निरंतर तेचि रूप" म्हणतो, कोणी "हेचि ध्यान" म्हणतो, आणि दोघांनीही ते आपापल्या गुरूंकडून तसंच घेतलेलं असतं. इंदुप्रकाश छापखान्याची गाथा 1869 आणि 1873 साली दोन खंडांत निघाली, तीसुद्धा देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर अशा चार ठिकाणच्या पोथ्या ताडून सिद्ध केलेली. म्हणजे छापील गाथेच्या मुळाशीच वेगवेगळे पाठ आहेत. अण्णांचा पाठ बरोबर आहे म्हणून महाराजांचा चूक ठरत नाही.

तिसरी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. महाराज बरोबर म्हणाले असतील आणि अण्णांना ते वेगळं ऐकू आलं असेल. उतारवयात आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, त, फ यांसारखी व्यंजनं पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात. म्हणून माणसाला वाटतं की मला ऐकू तर येतंय, समोरचाच नीट बोलत नाही. त्यात देवळाचा सभामंडप, फरशी, घुमणारा स्पीकर आणि वर पंधरा-वीस टाळ. टाळांचा आवाज नेमका त्याच उंच पट्टीत असतो, त्यात शब्द बुडून जातात. तुम्ही "अलीकडे" असं लिहिलंय, म्हणून हे सांगतो. अण्णा हल्ली टीव्ही मोठा लावतात का, फोनवर "काय, काय?" करतात का, पूर्वीपेक्षा मोठ्याने बोलतात का, याची आठवण करून पाहा. तसं असेल तर पत्रात बसण्याच्या जागेचा उल्लेख करा, कानांचा अजिबात करू नका. कानांचं बोलणं पुढे कधीतरी घरातल्या माणसाने करावं.

आणखी एक शक्यता डोक्यात असू द्या. जन्मभर मोजकं बोलणारा माणूस वर्षभरात एकदम कुठेही, कुणालाही, काहीही मोठ्याने बोलू लागला असेल, नावं विसरत असेल, तेच तेच विचारत असेल, तर हा सवयीचा प्रश्न नाही. तिथे समितीचं पत्र कामाचं नाही. त्यांच्या मुलाशी किंवा मुलीशी शांतपणे बोलून डॉक्टरांना दाखवायला सुचवा. तुमच्या वर्णनावरून मला तसं वाटत नाही, कारण अण्णा फक्त गाथेच्या बाबतीतच बोलतात. त्यांना अजून संतवचनाची चाड आहे, आणि पत्र त्याच्या आधारानेच लिहायचं आहे.

आता बैठकीबद्दल. ठराव झालाच असेल तर इतिवृत्तात अण्णांचं नाव येऊ देऊ नका. "कीर्तनाच्या वेळी मध्ये बोलणं होऊ नये यासाठी संबंधितांशी चिटणिसांनी व्यक्तिशः बोलावं" एवढं पुरे. इतिवृत्त पुढच्या बैठकीत वाचलं जातं, आणि अण्णा विश्वस्त असल्यामुळे त्या बैठकीत तेही समोर बसलेले असतील. "कृपया कीर्तनात शांतता राखावी" असा फलकही लावू नका. तो कुणासाठी लावलाय हे सगळ्या गावाला कळतं. अण्णांना मात्र एकतर तो आपल्यासाठी आहे असं वाटतच नाही, नाहीतर चारचौघांत अपमान केला असं वाटतं. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर याबद्दल एक अक्षरही नको, अगदी "सर्वांसाठी सूचना" म्हणूनही नको.

पत्राआधी घरी जा. दोघांनी जावं. चार जण गेले की शिष्टमंडळ होतं आणि एकटा गेला तर नंतर "तो असं म्हणाला" यावर वाद होतो. दोघांपैकी एक चिटणीस किंवा अध्यक्ष असावा आणि दुसरा असा, ज्याला अण्णांनी टाळ किंवा हरिपाठ शिकवलाय. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका, राग ताजा असतो. दशमीलाही नको, नाहीतर उद्याच्या कीर्तनाला यायचं की नाही हे त्यांना रात्रीत ठरवावं लागतं. दोन एकादश्यांच्या मधला एखादा साधा वार बरा, सकाळची पूजा आटोपल्यावरची वेळ. सुनेने चहा ठेवला की लगेच विषय काढा, चहा संपेपर्यंत ताणू नका. अर्धा तास पंढरपूरच्या गप्पा आणि शेवटी उठताना "अण्णा, एक सांगायचं होतं" असं केलं, की आधीच्या सगळ्या गप्पा खोट्या ठरतात.

घरी बोलून आल्यावर पत्र कशाला, असं कुणी म्हणेल. मी तरीही लिहिण्याच्या बाजूचा आहे. तोंडी बोलणं दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला वेगळं आठवतं. "मला देवळात येऊ नका म्हणाले" इथपर्यंत ते जाऊ शकतं. कागद असला की माणूस तो पुन्हा वाचतो, आणि दुसऱ्या वाचनात पहिल्याइतका राग येत नाही. म्हणून पत्र अशा हिशोबाने लिहा की अण्णांनी ते उद्या कुणालाही दाखवलं तरी त्यांनाही कमीपणा वाटू नये आणि तुम्हालाही.

समित्या साधारणपणे जो मसुदा करतात, तो असा असतो :

"आदरणीय अण्णा, आपण या मंदिराचे आधारस्तंभ आहात. आपले योगदान शब्दांत मांडणे अशक्य आहे. आपल्या ज्ञानाबद्दल आम्हा सर्वांना नितांत आदर आहे. परंतु काही भाविकांच्या तक्रारी प्राप्त झाल्या आहेत की कीर्तनाच्या वेळी व्यत्यय येतो. तरी आपण सहकार्य करावे ही नम्र विनंती."

यातला एक शब्दही उद्धट नाही, तरी हे पत्र लागतं. पहिली तीन वाक्यं वाचतानाच अण्णांना कळतं की पुढे "परंतु" येणार आहे, आणि मग ती स्तुती लाच वाटते. "काही भाविकांच्या तक्रारी" वाचल्याबरोबर त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न फिरू लागतो : कोण? पुढचा महिना देवळात प्रत्येकाच्या तोंडाकडे बघण्यात जातो. "व्यत्यय येतो" यात कोण काय करतं हेच नाही. अण्णा प्रामाणिकपणे म्हणतील, मी कधी व्यत्यय आणला? मी तर चूक दुरुस्त केली. "सहकार्य करावे" म्हणजे नेमकं काय करायचं, तेही कळत नाही. आणि रोज "अण्णा, तुम्ही जेवलात का" म्हणणारी माणसं कागदावर एकदम "आपण" म्हणू लागली, की ते नोटिशीसारखं वाचलं जातं. त्यांना जसं बोलता तसंच लिहा.

मी असं लिहीन :

"ती. अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

मंगळवारी घरी बोललो, तेच इथे लिहून देत आहोत, म्हणजे आमच्याकडून काही अर्धवट सांगायचं राहिलं असं होऊ नये.

एकादशीच्या कीर्तनात महाराज प्रमाण म्हणत असताना तुम्ही जागेवरून पाठ दुरुस्त करता. त्या वेळी मागे उभे असलेले गायक आणि टाळकरी कुणाचं धरावं या घोटाळ्यात पडतात, अर्धे एक म्हणतात, अर्धे दुसरं, आणि निरूपण तुटतं. गेल्या एकादशीला महाराज थांबले, ते यामुळेच. म्हणून समितीची तुम्हाला विनंती आहे, की महाराज नारदाच्या गादीवर उभे राहिल्यापासून आरती होईपर्यंत तुम्ही मध्ये बोलू नये, पाठ चुकला असं वाटलं तरीसुद्धा.

चुकलेलं तसंच जाऊ द्यावं, असं आमचं म्हणणं नाही. तो चरण तुम्ही कागदावर टिपून ठेवा. आरतीनंतर महाराज ओसरीवर चहाला बसतात, तिथे तुमची आणि त्यांची गाठ मी स्वतः घालून देईन. जो पाठभेद निघेल तो मंदिराच्या वहीत लिहून ठेवू.

तुमच्या नेहमीच्या जागेजवळ, खांबापाशी, स्पीकरचा आवाज घुमतो. विण्याच्या समोर, पहिल्या रांगेत तुमच्यासाठी खुर्ची ठेवत आहोत. बसून पाहा. बरं वाटलं नाही तर जुनी जागा आहेच.

रोजचा हरिपाठ नेहमीसारखा तुम्हीच सांगायचा आहे. त्यात काही बदल नाही.

हे समितीचं म्हणणं आहे आणि पत्र फक्त तुम्हाला दिलं आहे.

तुमचा,
चिटणीस, समितीतर्फे"

यातल्या काही जागा का तशा आहेत, ते सांगतो. विनंतीला सुरुवात आणि शेवट दिला आहे : गादीवर उभे राहिल्यापासून आरतीपर्यंत. एवढा वेळ गप्प बसायचं आहे, कायमचं नाही. "पाठ चुकला असं वाटलं तरीसुद्धा" हे शब्द काढू नका. ते नसतील तर अण्णा विनंती मान्य करतील, आणि पुढच्या एकादशीला म्हणतील, "पण आज तर खरंच चुकलं होतं." त्यांचा सगळा आग्रहच त्या एका अपवादात आहे.

नारदाच्या गादीचा उल्लेख मुद्दाम केलाय. त्या गादीवर उभ्या असलेल्याच्या पायावर त्याच्यापेक्षा मोठी माणसंही डोकं ठेवतात, मग तो विशीतला मुलगा का असेना. अण्णांनी हे जन्मभर पाळलं आहे, तरुणांना शिकवलंही असेल. समिती नवा नियम घालत नाही, त्यांच्याच संप्रदायाची रीत त्यांच्यासमोर ठेवते आहे. पण हे एका शब्दातच राहू द्या. "संप्रदायाच्या मर्यादा आपण जाणताच" असं लांबण लावलं की तो टोमणा होतो. घरी बोलतानाही गादी हा शब्द फक्त येऊ द्या, त्याचा अर्थ ते तुम्हाला सांगू शकतील असे आहेत.

हरिपाठाची ओळ पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे, असं मी म्हणेन. असं पत्र मिळालेल्या माणसाला पहिली भीती वाटते ती "आता बाकीचंही काढून घेणार" याची. काय बदलत नाही ते स्पष्ट लिहिलं की ती भीती जाते. अण्णांकडे हरिपाठ नसेल तर जे खरोखर असेल ते लिहा : काकड आरती, पंचांग वाचन, सप्ताहाचा विणा, जे काही असेल ते. त्यांच्यासाठी नवं पद मात्र निर्माण करू नका. "मार्गदर्शक" वगैरे नाव देऊन बाजूला बसवलं, की ते त्यांना पहिल्या दिवशी कळतं.

वहीची आणि चहाची गोष्ट पाळता येणार असेल तरच लिहा. पत्रात लिहिलं आणि एकादशीला महाराज आरती होताच पाकीट घेऊन गाडीत बसले, तर अण्णा हातात कागद घेऊन ओसरीवर उभे राहतील. त्या अपमानानंतर त्यांना पुन्हा काही सांगायला तोंड राहणार नाही. म्हणून बिदागी ठरवतानाच महाराजांना फोनवर सांगा : कीर्तनानंतर दहा मिनिटं थांबावं लागेल, आमचे एक ज्येष्ठ आहेत, त्यांचा गाथेचा अभ्यास मोठा आहे, त्यांना काही विचारायचं असतं. बरेच कीर्तनकार याला आनंदाने तयार होतात. चारचौघांत थांबवलं की राग येतो, चहावर बसून पाठ विचारला की मान वाटतो. जे महाराज आता यायला तयार नाहीत, त्यांना हे सांगून पुन्हा विचारा. अण्णांनी माफी मागावी, अशी अट मात्र कुणाला घालू देऊ नका.

अण्णांकडून काय येईल, याची तयारी ठेवा. सगळ्यात आधी विचारतील, "कोण म्हणालं?" एकच उत्तर : "अण्णा, समितीचं म्हणणं आहे. मीही त्यात आहे." जोडीदाराचंही हेच उत्तर असलं पाहिजे, म्हणून जाण्याआधी दोघांनी ठरवून घ्या. दुसरं म्हणतील, "मग काय चुकीचं ऐकून घ्यायचं?" इथे वाद घालू नका. रेकॉर्डिंग ऐकताना एखाद्या ठिकाणी महाराज खरंच चुकलेले आढळले असतील, तर ते लगेच मान्य करा : "आषाढीच्या कीर्तनात दुसरा चरण खरंच सुटला होता, तुमचं बरोबर होतं. म्हणूनच तो टिपून महाराजांना सांगायचा आहे." पण जिथे अण्णांनाच चुकीचं ऐकू आलं असेल, ते रेकॉर्डिंग त्यांना ऐकवायला काढू नका. ते फक्त तुमच्या समजण्यासाठी होतं.

तिसरं म्हणतील, "मग माझा राजीनामा घ्या." तो तोंडी असो की लेखी, घेऊ नका आणि बैठकीपुढेही ठेवू नका. "अण्णा, यावर आज बोलायचं नाही" एवढंच म्हणा. दोन आठवड्यांनी तो विषय बहुतेक त्यांच्याच मनातून गेलेला असतो. लेखी दिलाच आणि महिन्याभरानंतरही ते ठाम राहिले, तरच तो बैठकीत आणा.

पत्रानंतरचा पहिला आठवडा नाजूक असतो. अण्णा हरिपाठाला आले नाहीत, तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांना घ्यायला जावं. समजूत घालायला नाही, नुसतं "चला, साडेसहा वाजले" म्हणायला. ते देवळात आले की कुणीही त्या विषयावर बोलू नये. "अण्णा, आज बरं वाटतंय ना?" असं काळजीने विचारणंसुद्धा नको. पहिल्या एकादशीला ते ओठ घट्ट मिटून, तोंड फिरवून बसले, तरी ते ठीक चाललंय असं समजा. रागावलेले आहेत, पण शब्द पाळतायत. त्या दिवशी त्यांनी चरण टिपला असेल, तर वही सगळ्यात आधी बाहेर काढायची जबाबदारी तुमची.

सवय जुनी असेल तर एक-दोनदा तोंडातून शब्द जाणारच. त्यासाठी खूण आधी ठरवून ठेवा, आणि ती अण्णांच्या संमतीनेच. घरी बोलताना विचारा, "अण्णा, चुकून बोललात तर मी हळूच हात लावला तर चालेल ना?" त्यांच्या शेजारी त्यांनी शिकवलेला एखादा टाळकरी बसवा, नातवाच्या वयाचा असेल तर आणखी बरं. त्याने फक्त हातावर हात ठेवायचा. स्टेजवरून अध्यक्षांनी डोळे वटारायचे नाहीत आणि कुणी "शूऽऽ" करायचं नाही.

हे सगळं करूनही सलग तीन-चार एकादश्या तसंच चाललं, तर दुसरं पत्र देऊ नका. दुसरं पत्र ताकीदच होतं, कसंही लिहिलं तरी. मग कीर्तनाच्या दिवसापुरती व्यवस्था बदला. अण्णांना श्रोत्यांतून उठवून कीर्तनात घ्या : महाराजांच्या मागे, विणेकऱ्याजवळ, टाळ हातात देऊन. उभं राहवत नसेल तर मागेच खुर्ची. तिथे महाराजांचा आवाज थेट येतो, हात टाळात गुंतलेले असतात, आणि मागे उभा असलेला माणूस महाराजांनी दिलेलं प्रमाण उचलतो, त्याला आडवा जात नाही. अण्णा ही शिस्त तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जाणतात. मात्र हे करण्याआधी महाराजांना आणि मृदंगाचार्यांना विचारा, कारण टाळ लयीत राहिला नाही तर पखवाजाची पंचाईत होते. बसल्या जागी एकदा हरिपाठाला त्यांचा टाळ ऐका, लय अजून हातात आहे की नाही ते दोन अभंगांतच कळेल.